वीस लाखांचा माग आणि न वाढणारा घसारा

[दृश्य : अक्कलकोट रोडची एमआयडीसी, सकाळ. टॉवेलच्या कारखान्याचं शटर वर जातं. मागांची खडखड.]

निवेदन :
सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला बरीच वर्षं झाली. त्यामागचे माग मात्र बदलत राहिले. कित्येक शेडमध्ये आज जुने साधे यंत्रमाग आणि नवे रॅपियर माग शेजारी शेजारी चालताना दिसतात. जुना माग हिशेबाच्या वहीत जवळपास शून्यावर आलेला असतो आणि त्याच्या जागी नवा घ्यायला जावं, तर भाव ऐकूनच माणूस खाली बसतो. वहीतला आकडा आणि बाजारातला भाव यांच्यात हे अंतर पडतं, त्यातच कारखानदाराचे पैसे हळूहळू झिजतात. ही झीज प्राप्तिकराच्या विवरणपत्रात कुठेही लिहिलेली नसते.

[दृश्य : कारखान्याचं ऑफिस. टेबलावर मागाचं कोटेशन, कॅल्क्युलेटर.]

समजा, एका भागीदारी फर्मनं वीस लाखांचा माग घेतला. भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते, म्हणून तो धरलेला नाही. प्राप्तिकराच्या हिशेबात मशीनच्या झिजेपोटी वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, तोही मूळ किमतीवर नाही, दर वर्षी उरलेल्या किमतीवर. पहिल्या वर्षी तीन लाख. उरले सतरा लाख, त्यावर दुसऱ्या वर्षी २ लाख ५५ हजार. असं उतरत उतरत जातं.

घसारा म्हणजे काही हातात आलेली रक्कम नव्हे. तो खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो आणि तेवढ्यावरचा कर वाचतो. फर्मला ३० टक्के कर. सेस आणि अधिभार सोपेपणासाठी बाजूला ठेवू. पहिल्या वर्षी ९० हजार वाचले, दुसऱ्या वर्षी ७६ हजार ५००, पाचव्या वर्षी सुमारे ४७ हजार. शेवटपर्यंतची सगळी बचत मिळवली, तर वीस लाखांचे ३० टक्के, म्हणजे सहा लाख होतात.

हे सहा लाख माग घेतला त्याच दिवशी ठरले. पुढे सूत महागलं, मजुरी वाढली, विजेचं बिल वाढलं, टॉवेलचा भावही चढला, तरी ही रक्कम रुपयानं वाढत नाही. कायदा घसारा मोजतो तो खरेदीच्या वेळी दिलेल्या किमतीवरून. आज तोच माग केवढ्याला येतो, हे तो विचारत नाही. जमीन किंवा घर विकताना महागाई निर्देशांकानं खरेदी किंमत वाढवून धरायची सोय आपल्याकडे अनेक वर्षं होती, २०२४ मध्ये ती बहुतेक ठिकाणी काढली गेली. मशीनच्या घसाऱ्याला ती कधीच नव्हती.

[दृश्य : सुताच्या कोनांचे ढीग. कांड्या भरणारे हात.]

आता महागाई धरू. वर्षाला १० टक्के. हा दर काल्पनिक नाही. २००९ ते २०१३ या काळात किरकोळ महागाई याच घरात फिरत होती.

पाचव्या वर्षाअखेर वाचलेले ४७ हजार घ्या. तोवर शंभर रुपयांची वस्तू १६१ रुपयांना झालेली असते. म्हणजे त्या ४७ हजारांत फक्त तेवढंच येतं, जेवढं माग घेतला त्या दिवशी २९ हजारांत आलं असतं. दर वर्षीची बचत अशी त्या दिवसाच्या रुपयांत आणून बेरीज केली, तर सहा लाखांचे राहतात ३ लाख ६० हजार. महागाई ४ टक्के असती, तर साधारण ४ लाख ७४ हजार राहिले असते. इथे पैसे अडकल्याचं व्याज अजून धरलेलंच नाही, ही नुसती महागाईची झीज आहे.

तोटा दुसऱ्या बाजूनंही दिसतो, आणि मला वाटतं कारखानदाराला हीच बाजू जास्त बोचायला हवी. पाचव्या वर्षी वहीत घसारा लागतो १ लाख ५७ हजार. पण मागाची झीज त्या वर्षीच्या भावात मोजली, तर ती २ लाख ५२ हजारांची आहे. मधले जवळपास ९५ हजार कागदावर नफा ठरतात आणि त्यावर साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास कर जातो. तो नफा नव्हताच. नवा माग घेण्यासाठी राखायला हवे होते, ते हे पैसे. टॉवेलची विक्री आजच्या रुपयांत आणि घसारा पाच वर्षांपूर्वीच्या रुपयांत, अशी वजाबाकी केली की हे होणारच.

[दृश्य : लॅपटॉपवर आकड्यांचा तक्ता. बोट एका ओळीवर थांबतं.]

बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात इथेच गफलत होते. विक्री दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढवली, खर्चही वाढवला, आणि त्याच ओघात घसाऱ्याची ओळही वाढवून टाकली, असे तक्ते पाहायला मिळतात. ते ओळखायचं कसं? घसाऱ्याच्या ओळीची बेरीज करा. ती वीस लाखांच्या वर गेली की समजायचं, तक्ता चुकला. वीस लाखांच्या मागावर वीस लाखांहून जास्त घसारा कधीच मिळत नाही.

दुसरी चूक अवघड आहे, कारण ती दिसत नाही. सगळे आकडे आजच्या भावात ठेवायचे आणि महागाई वगळलेल्या व्याजदरानं, समजा ५ टक्क्यांनी, पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत काढायची, ही पद्धत मुळात बरोबर आहे. विक्री भावाबरोबर चालते, म्हणून तिला ती लागू पडते. करबचतीला पडत नाही, कारण ती रुपयांत गोठलेली आहे. ५ टक्क्यांनी ती साडेचार लाखांची दिसते. १० टक्के महागाईसकट, म्हणजे १.०५ गुणिले १.१० धरून, साडेपंधरा टक्क्यांनी काढली, तर २ लाख ९५ हजारांची. जवळजवळ दीड लाखाचा फरक, आणि एवढ्यावर माग घ्यायचा की नाही हा निर्णय बदलू शकतो.

[दृश्य : बँकेच्या हप्त्याची पावती.]

एक बाजू मात्र कारखानदाराच्या पदरात पडते. कर्ज ठरलेल्या व्याजावर असेल, तर हप्ताही रुपयांत गोठलेला असतो आणि महागाईत तोही हलका होत जातो. अर्थात बँकेनं आधीच महागाई ओळखून चढा दर लावला असेल, तर हा फायदा फारसा उरत नाही. घसाऱ्यावरचं नुकसान तरीही राहतं.

मग हातात काय उरतं? बचत जितकी लवकर घ्याल, तितकी कमी झिजते. उत्पादन करणाऱ्याला नव्या मशीनवर पहिल्या वर्षी २० टक्के अतिरिक्त घसारा मिळतो. त्यानं पहिल्या वर्षीची बचत ९० हजारांवरून २ लाख १० हजारांवर जाते. एकूण बेरीज तीच, सहा लाख. पण १० टक्के महागाईत तिचं खरं मोल ३ लाख ६० हजारांऐवजी ४ लाख ४ हजारांच्या आसपास भरतं. २२ टक्क्यांचा सवलतीचा कर निवडलेल्या कंपनीला हा अतिरिक्त घसारा मिळत नाही, म्हणून कुठली पद्धत घ्यायची हे ठरवताना ही रक्कमही तराजूत टाकावी लागते.

[दृश्य : ट्रकमधून उतरणारा माग, लाकडी पेटी, क्रेन.]

आणि तारीख. माग घेतला त्या वर्षात तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला, तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. नुसता विकत घेऊन चालत नाही, तो चालू झालेला असावा लागतो. ३ ऑक्टोबरपर्यंत त्यावर टॉवेल विणायला लागले, तर साध्या घसाऱ्याचे पूर्ण ९० हजार त्याच वर्षी वाचतात. दोन दिवस उशीर झाला, की ४५ हजार. उरलेलं पुढच्या वर्षांवर सरकतं, तेही तेवढ्याच जुन्या रुपयांत.

[दृश्य : नव्या मागावर पहिला टॉवेल उतरतो. भिंतीवरचं कॅलेंडर : २९ सप्टेंबर.]