काचचित्राचं वय ओळखताना

[दृश्य: टेबलावरचं लक्ष्मीचं काचचित्र. सागवानी चौकट, खालच्या कडेला रंगाचे पोपडे.]

विकणारा सांगतो, काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेलं हे चित्र दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. पुरावा म्हणून तो चौकट दाखवतो. पण चौकटीवर सगळ्यात कमी विसंबावं. जुन्या चौकटीत नवी काच सहज बसते. म्हणून आधी पाठीमागची फळी सोडवून बघा. काच खाचेत सैल असेल, कडेला लाकडाच्या चकत्या घातल्या असतील किंवा खिळ्यांची जुनी भोकं रिकामी असतील, तर चित्र त्या चौकटीतलं नसावं.

[दृश्य: काचेवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब.]

आता काच तिरकी धरा. प्रतिबिंबाची रेघ लाटेसारखी हलते, मधूनच एखादा बुडबुडा दिसतो. १९५९ साली जाहीर झालेल्या फ्लोट पद्धतीत काच वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवतात, तिच्यात रेघ सरळ राहते. ही काच त्या पद्धतीची नाही, एवढंच यातून ठरतं. त्यानंतरही लहरदार काच बनत होती, आणि जुन्या खिडकीची काच काढून वापरणारेही असतात.

[दृश्य: खालच्या कडेचा क्लोजअप.]

काच रंग शोषत नाही. रंगाचा थर नुसता चिकटून असतो. ओल शिरली की तो सुटतो, मध्ये हवा जाते, आणि समोरून तिथे फिकट, चंदेरी डाग दिसतो. भिंतीवरच्या चित्रात ओल खाली साचते, म्हणून झीज बहुधा खालच्या कडेपासून सुरू होते. चित्रभर सारखेच ओरखडे दिसले, तर ते मुद्दाम पाडलेले असण्याची शक्यता मोठी. मात्र एका दमट पावसाळ्यातही पोपडे सुटू शकतात. त्यामुळे पोपडे म्हणजे वय, असा हिशेब करू नये.

[दृश्य: भिंगाखाली लक्ष्मीचा डोळा.]

खरी तपासणी रंगांच्या क्रमाची. काचचित्र उलट्या क्रमाने रंगवतात. बुबुळ, भुवई, नथ, दागिन्यांच्या रेषा आधी, मग अंगाचा रंग, शेवटी पार्श्वभूमी. त्यामुळे मागून पाहिलं तर पार्श्वभूमीचा रंग सगळ्यावर पसरलेला दिसतो. भिंगाखाली रेषेची जाडी हाताच्या दाबाप्रमाणे कमी-जास्त होते. रेषेऐवजी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापील चित्र समजावं. मागे वेगळ्या चमकीचा रंग एखाद्या भेगेवरून पुढे गेलेला दिसला, तर ती नंतरची डागडुजी.

या चित्रात क्रम बरोबर आहे, रेषाही हाताच्या आहेत. पण कमळावर उभी लक्ष्मी, चार हात, बाजूला हत्ती, ही मांडणी राजा रविवर्म्यांच्या छापील लक्ष्मीची हुबेहूब नक्कल आहे. त्यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला. तेव्हा हे चित्र त्यानंतरचंच, आणि विकणाऱ्याची दीडशे वर्षं इथेच बाद होतात. काच आणि हातकाम पाहता विसाव्या शतकाचा पूर्वार्ध धरायला हरकत नाही. भाव त्यावरच करावा. आणि मागची बाजू ओल्या फडक्याने पुसू नये, सुटलेला रंग फडक्याबरोबरच येतो.