फॉर्म नंतर, कागद आधी

नमस्कार श्रोतेहो. आज आरटीईबद्दल बोलायचंय, म्हणजे खाजगी शाळेत 25 टक्के राखीव जागांवर जो मोफत प्रवेश मिळतो त्याबद्दल. कायदा 2009 चा, आणि त्यातलं कलम 12 हे या जागांचं. आपल्या महाराष्ट्रात फॉर्म ऑनलाइन भरायचा, student.maharashtra.gov.in वर, जास्तीत जास्त दहा शाळा निवडायच्या आणि मग लॉटरीची वाट बघायची. हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीतच असेल, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही, मला एक गोष्ट सांगायचीय, आणि ती सांगताना माझीच मान थोडी खाली जाते कारण त्यातला फॉर्म मी भरला होता.

आमच्याकडे पोळ्यांना एक मावशी येतात. त्यांचा नातू पहिलीच्या वयाचा झाला. मावशी म्हणाल्या, दादा तुम्हाला कॉम्प्युटर येतो, तेवढा फॉर्म भरून द्या ना. म्हटलं द्या, त्यात काय. रात्री जेवणं झाल्यावर बसलो, मावशी शेजारी खुर्चीच्या कडेला बसलेल्या, हातात प्लास्टिकची पिशवी आणि त्यात घरातले सगळे कागद. जन्मदाखला होता, आधार होतं, रेशनकार्ड होतं. (जन्मदाखला बघून मला बरं वाटलं बरं का, कारण आमच्या पिढीत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस 1 जून, गुरुजींनी दाखल करताना जे लिहिलं तेच खरं, माझाही 1 जूनच आहे आणि आई म्हणायची तू थंडीतला. असो.)

फॉर्ममध्ये प्रश्न आला, गट कुठला, वंचित की दुर्बल. मी विचारलं, मावशी उत्पन्न किती? त्या म्हणाल्या, पोरगा दुसऱ्याच्या टेम्पोवर जातो, महिन्याला सात हजार येतात, कधी तेवढेही नाही. मी गणित केलं, बारा सत्ते चौऱ्याऐंशी, म्हणजे वर्षाला 84 हजार, आणि सून घरीच असते. दुर्बल गटाला आईवडिलांचं मिळून वर्षाला एक लाखाच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला साधारण आठ हजार तीनशेच्या आत. बसतंय की! केला दुर्बलवर टिक. उत्पन्नाचा दाखला मात्र नव्हता, पण कागद अपलोड करा असं काही कॉम्प्युटरने म्हटलंच नाही, नुसती माहिती विचारली. मी म्हटलं, दाखला काय, नंबर लागला की काढू, आधीच कशाला तहसीलला हेलपाटे. इथेच माती खाल्ली श्रोतेहो.

लॉटरी लागली आणि नंबर लागला! मावशींनी पेढे आणले. आणि मग आम्ही दाखल्याच्या मागे लागलो. सेतूत गेलो, तिथे म्हणाले आधी तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल आणा, तलाठी दोन दिवस भेटले नाहीत, मग स्वयंघोषणापत्र, मग पुन्हा सेतू, पुन्हा रांग. शेवटी तहसीलदारांच्या सहीचा दाखला हातात आला, उत्पन्न 84 हजार, सगळं बरोबर. तो घेऊन, पोर्टलवरून अलॉटमेंट लेटरची प्रिंट काढून आम्ही पडताळणी समितीपुढे गेलो. तिथल्या मॅडमनी दाखला वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि तारखेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, फॉर्म भरायची शेवटची तारीख होऊन गेल्यावर काढलाय हो हा. त्या तारखेच्या आधीचाच कागद धरता येतो. मी वाद घातला, अहो उत्पन्न तर तेच आहे ना, ते काय महिन्याभरात वाढलं? त्या शांतपणे म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा आहे, सूचनेत छापलाय. छापला होता खरंच. मी वाचला नव्हता.

परत सांगतो, कारण कानावरून गेलं तर जातं. पोर्टल फॉर्म भरताना दाखला मागत नाही, पण दाखला फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आधीचा असावा लागतो. कागद आधी, फॉर्म नंतर. आणि दाखल्यावर आणखी एक गोष्ट बघायची, ते उत्पन्न कुठल्या आर्थिक वर्षाचं लिहिलंय. दाखला काढल्याची तारीख वेगळी आणि आतलं वर्ष वेगळं. कुठलं वर्ष चालेल ते त्या त्या वर्षीच्या सूचनेत असतं, ते कागदावर लिहून सेतूत न्या, नाहीतर ते कुठल्याही वर्षाचा काढून देतील. केशरी रेशनकार्ड दाखवून उत्पन्न सिद्ध होत नाही, ते पत्त्याला चालतं.

तर गोष्ट पुढे. त्या खोलीतून बाहेर आलो, मावशी पायरीवर बसल्या. मुलगा सोबत होता, तो म्हणाला, माझा जातीचा दाखला आहे ट्रंकेत, दहावीनंतर काढलेला, त्याचा काही उपयोग होतो का? मी विचारलं, कुठला दाखला, शाळा सोडल्याचा का? नाही म्हणाला, प्रांत ऑफिसचा, ओबीसीचा. मी कपाळावर हात मारला. कारण ओबीसी आपल्याकडे वंचित गटात येतो, एससी, एसटी, व्हीजेएनटी, एसबीसी पण, आणि वंचित गटाला उत्पन्नाचा दाखला लागतच नाही! बापाचा जातीचा दाखला पुरतो, फक्त तो महाराष्ट्रातला हवा, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात लिहिलीय म्हणून भागत नाही. म्हणजे ज्या कागदावर आमचं अडलं तो लागणारच नव्हता, मी वंचितला टिक केलं असतं तर. मावशी म्हणाल्या, पण दादा आपण गरीब आहोत म्हणून तुम्ही गरीबवर टिक केलं ना, बरोबरच केलं. ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं. आता नंबर दुर्बल गटातून लागला होता, तिथे गट बदलून मिळाला नाही. फॉर्मची मुदत असती तर चुकलेला अर्ज काढून टाकून नवीन भरता आला असता, पण मुदत केव्हाच गेली होती.

मधेच एक सांगतो, त्या शाळेच्या गेटवर आम्ही उभे होतो तेव्हा एप्रिलच्या उन्हात पोरं कोट घालून बाहेर येत होती. कोट! आपल्या हवेत! कुणाला सुचतं हे. बरं, ते राहू दे.

पोराचं वय पुढच्या वर्षीही बसत होतं, नशीब. त्या वर्षी मी फॉर्म उघडायच्या आधी ट्रंकेतला दाखला टेबलावर मागवला, भाडेकरार रजिस्टर्ड आहे का आणि फॉर्मच्या आधीचा आहे का ते बघितलं, आणि नकाशावर घराचा फुगा लावताना मावशींच्या मुलाला शेजारी बसवलं, कारण शाळेचं अंतर त्या फुग्यावरून मोजतात आणि फुगा माझ्या घरावर पडला असता तर पत्ता जुळला नसता. वंचितवर टिक केलं. नंबर लागला, वेटिंगमधून, पण लागला. मेसेज मात्र आलाच नाही, अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर बघितलं तेव्हा कळलं, आणि कागद दाखवायला दोनच दिवस उरले होते. समितीत त्याच मॅडम होत्या. त्यांनी दाखला उघडला, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. मला म्हणाल्या, हा मागच्या वर्षी कुठे होता हो?