पणजीचा नवा चेहरा

(दृश्य : जुना, पिवळसर समूहफोटो. कॅमेरा हळूहळू मागच्या रांगेकडे सरकतो.)

या फोटोत ३१ माणसं आहेत. मागच्या रांगेत, डावीकडून चौथी, माझी पणजी. स्कॅन केल्यावर तिचा चेहरा जेमतेम ४० पिक्सेल रुंद आणि तितकाच उंच. म्हणजे सगळे मिळून १,६०० ठिपके.

माझ्या भावानं हा चेहरा एआयकडून स्पष्ट करून घेतला. हाती आलं ते ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र, दोन लाख बासष्ट हजार ठिपक्यांचं. पापणीचा केस न् केस दिसतो. पण हा तपशील मूळ फोटोत नव्हताच. असं सॉफ्टवेअर हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं आणि धूसर ठिपक्यांशी जुळेल असा एक चेहरा रचून देतं.

२०२० मध्ये याचा जाहीर दाखला मिळाला. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या ‘पल्स’ या प्रणालीला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला गेला, तर उत्तरादाखल एका गोऱ्या माणसाचा चेहरा आला.

(दृश्य : फोनचा पडदा. तोच चेहरा एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये जातो.)

भावानं लपवलं काहीच नव्हतं. फोटोखाली त्यानं ‘एआयनं दुरुस्त केलेला’ असं लिहिलं होतं. पण कुणीतरी फोटो उतरवून घेतला, पुढे पाठवला आणि ती ओळ मागेच राहिली. काही साधनं चित्र कसं बनलं याची ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’ नावाची नोंद फाइलमध्येच ठेवतात. तीही भरवशाची नाही, कारण पाठवताना अनेक ॲप फोटो नव्यानं आवळतात आणि त्यात ती गळून पडते.

म्हणून नोंद चित्रावरच हवी. तीही कडेच्या पट्टीत नको, पट्टी सहज कापली जाते. हनुवटीच्या खाली, कपड्यांवर, ठळक अक्षरांत. आणि नुसतं ‘एआय’ लिहून माझं समाधान होत नाही. ओरखडा पुसणं वेगळं आणि डोळे नव्यानं काढणं वेगळं; पाहणाऱ्याला नेमकं काय बदललं ते कळायला हवं. आम्ही शेवटी लिहिलं : ‘चेहरा एआयनं रचलेला. मूळ फोटो शेजारी.’ आणि खरोखरच त्याच चित्रात, शेजारी, तेवढ्याच आकारात मूळ धूसर चेहरा ठेवला.

(दृश्य : दोन्ही चेहरे शेजारी शेजारी.)

हे जोडचित्र आत्याला पाठवलं. पणजीला पाहिलेली घरात आता ती एकटीच. बराच वेळ ती नव्या चेहऱ्याकडे नाही, धूसर चेहऱ्याकडेच पाहत होती. मग हनुवटीवरच्या एका काळ्या ठिपक्यावर तिनं बोट ठेवलं. नव्या चेहऱ्यात तो ठिपका नव्हता.

“हा डाग नाही रे,” ती म्हणाली. “आजीचा तीळ आहे.”