बांधावरचं ढेकूळ

(विज्ञान दिनानिमित्त कोल्हापुरातील एका हायस्कुलात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)

मुख्याध्यापकसाहेब, सर, बाई आणि मुलांनो,

टेबलावर दोन काचेचे ग्लास आहेत, त्यात पाणी आहे आणि पाण्यात ढेकूळ ठेवायला एकेक जाळी. शेजारी मातीची दोन ढेकळं, सावलीत चार दिवस वाळवलेली. एक माझ्या उसाच्या सरीतलं, दुसरं त्याच शेताच्या बांधावरचं. बांधावर गवत आहे आणि तिथं कधी नांगर लागलेला नाही. ही ढेकळं आपण शेवटी पाण्यात सोडू.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी ऊस आहे? बघा, अर्धा वर्ग! मग तोड झाल्यावर पाचट पेटवलेलंही तुम्ही बघितलं असणार. आमच्यातही पेटवायचे. रान मोकळं होतं, पाणी सरीत सरळ पळतं, म्हणून. एका वर्षी मी ठरवलं, खोडव्यात पाचट जाळायचं नाही. सगळं सरीत पसरलं आणि वर पाणी दिलं. महिन्याभरात खोडवा पिवळा पडला. शेजारचे आण्णा बांधावर उभं राहून म्हणाले, "का रं, पोरागत उसाला बी कावीळ झाली व्हय?" शेजारचं जाळलेलं रान हिरवंगार आणि माझं पिवळं. घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पुढच्या वर्षी काडी लावायचीच, असं मीही मनात म्हटलं होतं.

मग शेतकी शाळेत शिकलेल्या माझ्या मेहुण्यांनी हिशेब मांडला. तो तुम्हीही मांडा, सोपा आहे. शंभर किलो वाळल्या पाचटात कार्बन चाळीस किलोच्या आसपास असतो आणि नायट्रोजन जेमतेम अर्धा किलो. म्हणजे ऐंशीला एक. पाचट कुजवतात ते मातीतले जिवाणू आणि बुरशी. त्यांना खाण्यात साधारण चोवीस वाटे कार्बनमागे एक वाटा नायट्रोजन लागतो, कारण बराच कार्बन ते श्वासातून उडवतात आणि उरलेल्यातून अंग बांधतात. पाचटात नायट्रोजन कमी पडला की ते तो मातीतून उचलतात. उसाच्या मुळांआधी जेवायला तेच बसतात! माझा ऊस आजारी नव्हता, उपाशी होता. हे जीव मरतात तेव्हा तो नायट्रोजन पुन्हा मातीत येतो, पण तोवर फुटव्यांची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून पाचटावरच त्यांचं जेवण टाकायचं. एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत, आणि मग पाणी. बुडखे जमिनीलगत छाटायचे, म्हणजे कोंब खालून जोमानं येतात. ही मात्रा पाचटासाठी आहे, उसाचं खत वेगळं द्यायचं. माझी चूक नेमकी इथंच झाली होती. पुढच्या खोडव्यात मी असं केलं, तेव्हा पीक पिवळं पडलं नाही. आण्णा परत बांधावर आले, ढेकूळ हातात घेऊन चुरलं, वास घेतला आणि काही न बोलता गेले. पहिल्या पावसाचा वास येतो ना, तसाच तो वास. मातीतले काही जिवाणू तो तयार करतात.

बाई घड्याळ दाखवतायत, त्यामुळं सांगायचं होतं ते आता भरभर सांगतो.

जिवंत मातीत बुरशीचे बारीक धागे आणि जिवाणूंचा चिकट रस मातीच्या कणांना एकमेकांशी बांधून ठेवतात. पाचट जाळलं की त्यांचं अन्न धुरात जातं. पालाश राखेत राहतो, पण नायट्रोजन बहुतेक हवेत उडतो. वाळलेल्या ढेकळात पाणी शिरलं की आतली हवा कोंडते आणि ढेकूळ फोडू बघते. जिवाणू-बुरशीचा हा डिंक असेल तर ते टिकतं, नसेल तर ढासळतं. रानातही पावसात हेच होतं. सुटे कण वर पापडी धरतात, पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही. हवा नसली की काही जिवाणू खतातला नायट्रोजनही वायू करून उडवतात. मग खत कितीही टाका, पिकाला पोचत नाही.

ढेकळाचा हा प्रयोग घरी करताना एक लक्षात ठेवा. काळी माती पाण्यात फुगते, त्यामुळं ती तशीही जास्त फुटते. काळ्या मातीची तुलना काळ्याशीच करा आणि दोन्ही ढेकळं सारखीच वाळलेली घ्या. शिरोळकडच्या क्षारपड रानातलं ढेकूळ टाकलं आणि ग्लासातलं पाणी दुधासारखं गढूळच राहिलं, तर तो सोडियमचा दोष असू शकतो. तिथं नुसतं पाचट पुरणार नाही. मातीची तपासणी करून, निचरा काढून, गरज असेल तर जिप्सम द्यावं लागतं.

चला, दोघं जण पुढं या. डाव्या ग्लासात सरीतलं, उजव्यात बांधावरचं, हळूच जाळीवर ठेवा, आपटू नका. आता पाच मिनिटं कुणी टेबल हलवायचं नाही. बघा, डावीकडं बुडबुडे सुटायला लागले.