छतावर शार्क फिन चिकटवण्याआधी हे ऐका

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात एक रील फिरलं. गाडीच्या छतावर मागच्या बाजूला काळ्या प्लास्टिकच्या फिन्स ओळीने चिकटवायच्या, की मायलेज वाढतं म्हणे. तेव्हापासून माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली एकच प्रश्न आहे: "ताई, हे खरं आहे का?" परवा कणकेच्या व्हिस्कॉसिटीवर बोलत होते, तर तिथेही हाच प्रश्न. नाना पेठेत तर आता पाकिटं टांगलेली दिसतात. तेव्हा घेऊनच टाकू.

बेसिक गोष्टी भराभर सांगते. हवा पत्र्याला अगदी चिकटून असते तिथे तिचा वेग पत्र्याइतकाच असतो, म्हणजे पत्र्याच्या तुलनेत शून्य. थोडं वर गेलात की पूर्ण वेग. या दोन्हींमधला जो पातळ थर, तो बाउंडरी लेयर. प्रांटल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 मध्ये हे मांडलं. थरातली हवा पदर न मोडता सरकत असेल तर लॅमिनार. वरखाली घुसळत जात असेल तर टर्ब्युलंट. झालं.

आता एकच आकडा लक्षात ठेवा. समजा थराची जाडी 10 मिलिमीटर आहे आणि आपण पत्र्यापासून 1 मिलिमीटरवर वेग मोजतोय. सपाट पत्र्यावर लॅमिनार थर असेल, तर तिथे बाहेरच्या वेगाच्या साधारण 17 टक्के मिळतात. टर्ब्युलंट असेल तर 70 टक्क्यांच्या आसपास. घुसळण वरची वेगवान हवा खाली आणत राहते, म्हणून. त्यामुळे पत्र्यावरचं घर्षण वाढतं, हा तोटा. पण पत्र्यालगतच्या हवेत दम राहतो, हा फायदा.

हा दम लागतो कुठे? छत मागे उतरायला लागतं तिथे. तिथे हवेचा वेग कमी होत जातो आणि दाब वाढत जातो, म्हणजे हवेला वाढत्या दाबाकडे जायचं असतं. सायकलवरून पॅडल न मारता कात्रजचा चढ घ्यायचा म्हटलं तर वेगात आलेला बराच वर जातो, रेंगाळत आलेला मध्येच थांबून उलटा घरंगळतो. पत्र्यालगतची दमलेली हवा तशीच थांबते, उलटी वाहायला लागते, आणि वरचा सगळा प्रवाह पृष्ठभाग सोडतो. हेच सेपरेशन. गाडीमागे कमी दाबाचा मोठा पट्टा तयार होतो आणि तो गाडीला मागे ओढतो.

आता माझं डोकं फिरवणारं वाक्य. कमेंटमध्ये निम्मे लोक ठामपणे लिहितात: "व्हॉर्टेक्स जनरेटर हवेला टर्ब्युलंट करतो, म्हणून ती चिकटून राहते." व्हॉर्टेक्स जनरेटर म्हणजे याच फिन्स, शब्दशः भोवरा तयार करणाऱ्या. एका मित्राने तर वर लिहिलंय, "ताई, एवढं तर बारावीला होतं." नव्हतं हो. आणि असतं तरी गाडीच्या छताला ते लागू नाही.

हिशेबच करू. एक्स्प्रेस-वेवर ताशी 80 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 22 मीटर. वेग, हवेने पत्र्यावर कापलेलं अंतर आणि हवेची व्हिस्कॉसिटी यांवरून एक आकडा निघतो, रेनॉल्ड्स नंबर. तो साधारण पाच लाखांवर गेला की सपाट पत्र्यावरचा थर टर्ब्युलंट होतो. या वेगाला ते घडतं पहिल्या 35-40 सेंटिमीटरमध्ये. म्हणजे हवा बोनेट पार करायच्या आधीच. खऱ्या गाडीवर ग्रिल, बोनेटच्या फटी आणि वायपर असतात, त्यामुळे त्याहूनही लवकर. छताच्या मागच्या टोकाला तिने अडीच मीटर तरी कापलेले असतात. तिथे ती कधीचीच टर्ब्युलंट झालेली आहे. झालेल्याला परत काय करणार?

बरं, दुसऱ्या बाजूने बघा. हवेला नुसतं टर्ब्युलंट करायचं असेल तर त्यासाठी वेगळी वस्तू आहे. फायबरग्लासच्या ग्लायडरच्या पंखाखाली नागमोडी कापलेली पातळ टेप लावतात. जाडी मिलिमीटरच्या आत-बाहेर. तिथे थर खरोखरच लॅमिनार असतो, तो टेपने बिघडवायचा, एवढंच काम. गोल्फच्या चेंडूवरचे खळगेही त्यासाठीच. मग गाडीवरच्या फिन्स दोन-अडीच सेंटिमीटर उंच कशाला?

उत्तर उंचीतच आहे, आणि हीच माझी तिसरी बाजू. मित्सुबिशीच्या इंजिनिअर्सनी 2004 मध्ये लॅन्सर इव्होल्यूशन या सेडानवरचं काम छापलं. छताच्या मागच्या भागात त्यांना बाउंडरी लेयर साधारण 30 मिलिमीटर जाड मिळाला. फिनचं टोक या थराच्या वरच्या, वेगवान भागात पोचायला हवं. तिथे ती पाती प्रवाहाला तिरकी उभी असते, त्यांनी 15 अंश ठेवले होते. एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणून टोकावरून हवा वळसा घेते आणि एक भोवरा मागे निघतो. त्याचा अक्ष प्रवाहाच्या दिशेने असतो, मळसूत्रासारखा फिरत जातो. एका बाजूने तो वरची ताजी हवा पत्र्याकडे ढकलतो, दुसऱ्या बाजूने खालची दमलेली हवा वर उचलतो. टर्ब्युलंट थर हेच काम आपल्या परीने करत असतो, हा भोवरा ते कितीतरी जोरात आणि ठरलेल्या जागी करतो.

म्हणून त्या पाकिटातल्या फिन्स लोक नाकासमोर सरळ रेषेत चिकटवतात ना, ते बघून मला काही सुचत नाही. [हातातली फिन कॅमेऱ्यासमोर सरळ धरते, मग तिरकी करते.] अशी सरळ, शून्य अंशात? सपाट पाती असेल तर भोवरा जवळजवळ काहीच नाही, नुसता अडथळा. अशी तिरकी, तर काम. तुम्ही विमानाने जात असाल, बोइंग 737 असेल आणि खिडकी पंखाजवळची मिळाली, तर पंखावर बघा. छोट्या पात्यांची ओळ दिसेल, आणि त्या तिरक्या आहेत.

जागाही तितकीच महत्त्वाची. सेपरेशन जिथे सुरू होतं त्याच्या पुढे लावायच्या. मित्सुबिशीने छताच्या टोकाच्या सुमारे 100 मिलिमीटर आधी लावल्या. हवा सुटल्यानंतरच्या भागात लावाल तर तिथे पकडायला वेगवान हवाच नाही.

"ताई, माझी हॅचबॅक आहे." हा प्रश्न सगळ्यात जास्त, कारण आपल्याकडे गाड्याच तशा. हॅचबॅकचं छत मागे धारेवर संपतं. हवा त्या धारेवर सुटणारच, कितीही दम असला तरी. व्हॉर्टेक्स जनरेटर सेपरेशन लांबवतो, पण लांबवायला पुढे उतरता पृष्ठभाग तर हवा! उतरती मागची काच असलेल्या सेडानलाच थोडाफार अर्थ आहे.

थोडाफार म्हणजे किती? गाडीचा आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा म्हणजे ड्रॅग कोइफिशंट. मित्सुबिशीला त्यात 0.006 ची घट मिळाली. गाडीचा आकडा 0.3 धरला तर दोन टक्के. तेही विंड टनेलमध्ये सेकंदाला 50 मीटर वेगाला, सगळं मोजूनमापून. शिवाय हे दोन टक्के हवेच्या ओढीतले, पेट्रोलमधले नव्हेत. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर विषयच सोडा. स्वतः फिन्सचाही थोडा ड्रॅग असतो, तो या हिशेबात वजा होऊनच आकडा येतो.

तरी करून बघायचंच असेल, तर आधी लोकरीचे बोटभर लांबीचे धागे मागच्या काचेवर टेपने ओळीत चिकटवा. मोकळा रस्ता, शेजारच्या लेनमध्ये मित्राची गाडी, आणि व्हिडिओ काढणारा चालवणारा नसावा, हे सांगायला लागू नये. धागे मागे सरळ झोपून नुसते थरथरत असतील तर हवा चिकटलेली आहे. वाटेल तिकडे फडफडत असतील, काही तर उलटे पुढे वळत असतील, तर सुटलेली आहे. आधी फिन्सशिवाय बघा. सगळे धागे तेव्हाच झोपलेले दिसले, तर तुमच्या गाडीला दुरुस्त करायला सेपरेशनच नाही. मग पाकीट न फोडता परत द्या. दुकानदार घेईल का, तो प्रश्न एरोडायनॅमिक्सच्या बाहेरचा आहे, पाटी वाचून जा.