जांभूळ बियांच्या डबीवर काय लिहायचं?

नमस्कार. आज मी एकाच डबीबद्दल बोलणार आहे. आपल्यापैकीच एक ताई जांभळाच्या बिया वाळवून, दळून त्यांची पूड ऑनलाइन विकतात. त्यांच्या लिस्टिंगचं टायटल असं होतं: ‘जांभूळ पावडर, डायबेटिस मुळापासून बरा, साइड इफेक्ट नाही’. ती लिस्टिंग बंद झाली. त्यांनी ‘बरा’ काढून ‘डायबेटिस कंट्रोल’ लिहिलं, तर तीही बंद झाली. मग ‘शुगर केअर’ लिहिलं आणि मला विचारलं, ‘आता तर आजाराचं नावच नाही, मग चालेल ना?’

नाही चालणार. का, ते नीट समजून घ्या. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याला ५४ आजारांची आणि अवस्थांची यादी जोडलेली आहे. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, मुतखडा, संधिवात, एवढंच काय, सरसकट सगळे तापही तिच्यात आहेत. या आजारांसाठी औषधाची जाहिरात करायला मनाई आहे आणि ती फक्त ‘बरा करतो’ म्हणण्यापुरती नाही. निदान, उपचार, त्रास कमी करणं, आजार होऊ न देणं, सगळं तिच्यात येतं. म्हणजे ‘कंट्रोल’ही आलंच. शिवाय त्या आजारासाठी हे वापरावं असं नुसतं सुचवलं तरी पुरेसं आहे. ‘शुगर केअर’ वाचून कुणी चहातली साखर आठवत नाही. पहिल्यांदा दोषी ठरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: परवाना कोणता? ताईंच्या डबीवर १४ आकडी एफएसएसएआय नंबर होता. म्हणजे त्यांची पूड अन्नपदार्थ म्हणून विकली जाते, आयुर्वेदिक औषध म्हणून नाही. अन्नपदार्थ आजार टाळतो किंवा बरा करतो असं म्हणायला २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांनी मनाई केली आहे. तेव्हा टायटलमध्ये ‘आयुर्वेदिक औषध’ लिहिलं असतं, तर तेही चुकीचंच ठरलं असतं. औषध म्हणायचं तर त्याचा उत्पादन परवाना वेगळा काढावा लागतो.

मग आम्ही दोघी बसलो आणि टायटल नव्यानं लिहिलं: ‘जांभूळ बी पूड, फक्त वाळवलेल्या बिया, पाण्यातून किंवा ताकातून घेण्यासाठी, १०० ग्रॅम’. बघा, घटक काय ते कळलं, त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ते कळलं, कशी घ्यायची तेही कळलं. ताई म्हणाल्या, ‘पण कशासाठी ते कुठं आलं?’ आलं नाही, आणि या परवान्यावर येणारही नाही. ‘डायबेटिस’ टाइप करणारं गिऱ्हाईक कदाचित हातचं जाईल. ते सोसावं लागेल. जांभळाची बी शोधणारा मात्र बरोबर पोचतो.

त्रिफळा चूर्णाचं तसं नाही. औषधाचा परवाना असेल आणि त्यात तो उपयोग मंजूर असेल, तर ‘हिरडा, बेहडा, आवळा समभाग, पोट साफ होण्यासाठी’ असं सरळ लिहिता येतं. पण त्याच्यापुढे ‘मूळव्याध गायब’ जोडू नका. मूळव्याध त्या ५४ च्या यादीत नाही हे खरं. तरी खोट्या दाव्याची जाहिरात यादीबाहेरच्या आजारालाही चालत नाही, त्यासाठी त्याच कायद्यात वेगळं कलम आहे.

टायटल सुधारलं की लोक निर्धास्त होतात. आम्ही ताईंची बाकी लिस्टिंग उघडली, तर दुसऱ्या फोटोत साखर मोजायचं यंत्र आणि बोटावर रक्ताचा थेंब! गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या सर्च टर्म्सच्या रकान्यात अजून ‘मधुमेह उपाय’ होतंच. दोन्ही काढलं.

मी एवढी हटून का बसते, तेही सांगते. ‘मुळापासून बरा’ वाचणाऱ्यांत इन्शुलिनवर जगणारं एखादं लेकरूही असतं, आणि त्याची आई ते वाक्य खरं मानते. टाइप वन मधुमेहात इन्शुलिन बंद केलं तर थोड्याच दिवसांत जिवावर बेततं. ते वाक्य आपल्या डबीवरचं असू नये.

आणि हो, डबीचं लेबल. या कायद्यात लेबल आणि वेष्टन हीसुद्धा जाहिरातच धरली जाते. ताईंकडे जुन्या मजकुराचे दोन हजार स्टिकर छापून पडले होते. स्क्रीनवरचं टायटल बदलून ते डबीवर चिकटवले असते, तर गुन्हा तसाच राहिला असता. त्यांनी ते सगळे फाडले आणि नवे छापायला दिले.