आठची गोळी, पावणेदहा वाजता

श्रोतेहो, नमस्कार. ठरलेल्या वेळेचा डोस उशिरा दिला गेला, तर सिस्टरने इन्सिडेंट रिपोर्टमध्ये काय लिहायचं, ते आज बोलू.

एका वॉर्डातली गोष्ट. पार्किन्सनचे एक आजोबा, लेवोडोपाची गोळी दिवसातून चार वेळा, पहिली सकाळी आठला. ही गोळी चुकली की अंग ताठरतं, गिळणंसुद्धा अवघड होतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी अशा औषधांना अर्ध्या तासाचीच सवलत असते. त्या दिवशी आजोबांना पावणेआठला एक्स-रेला नेलं, ते परतले साडेनऊला. गोळी ट्रॉलीवरच्या कपात तशीच.

सिस्टर नवीन होती, पण डोकं शांत. आधी पेशंट पाहिला. नाडी, रक्तदाब घेतला, हात-पाय किती ताठ आहेत ते बघितलं, घोटभर पाणी नीट गिळतात का तेही. आजोबा म्हणाले, "हात उचलत नाही गं." मग डॉक्टरांना फोन: डोस किती उशिरा, पेशंट आत्ता कसा, गोळी आता देऊ का, आणि बाराची कधी देऊ? डॉक्टर म्हणाले, आत्ता द्या, बाराची एक वाजता. तिने ते परत म्हणून दाखवलं. फोनवर नुसतं "हं, हं" करणारे डॉक्टर असतात ना, त्यांच्याकडून पूर्ण वाक्य वदवून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. असो.

गोळी दिली पावणेदहाला. औषधाच्या तक्त्यावरही पावणेदहाच लिहिलं. हे पुन्हा सांगते: तक्त्यावर खरी वेळ, ठरलेली नव्हे. आणि वेळ एकाच घड्याळाची. वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ आणि खिशातला मोबाइल यांचं कधी जमलंय का?

रिपोर्टचा पहिला मसुदा तिने लिहिला, "एक्स-रेवाल्यांनी उगाच वेळ लावला, म्हणून उशीर." इन्चार्ज सिस्टरने ते खोडायला लावलं. मग लिहिलं: "७.४५ ला पेशंट एक्स-रेसाठी गेले. ८ चा डोस सोबत पाठवला नव्हता. ९.३० ला परत आले. हात ताठ, पाणी गिळता येते. पेशंट म्हणाले, 'हात उचलत नाही.' ९.३५ ला डॉक्टरांना फोन, आदेश घेतला. ९.४५ ला डोस दिला. १०.४५ ला ताठरपणा कमी." बस. "उगाच" नाही, "बहुधा" नाही. जे पाहिलं, जे केलं, कुणाला कधी कळवलं.

पेशंटच्या केसपेपरवर त्याची तब्येत, डोसची वेळ आणि डॉक्टरांचा आदेश येतो. "इन्सिडेंट रिपोर्ट भरला" हे वाक्य मात्र बऱ्याच रुग्णालयांत तिथे लिहीत नाहीत; तो कागद वेगळ्या वाटेने वर जातो.

त्या रिपोर्टमधलं "सोबत पाठवला नव्हता" हेच वाक्य वरच्यांच्या नजरेत भरलं. तेव्हापासून त्या वॉर्डात एक्स-रेला जाणाऱ्याच्या चिठ्ठीवर पुढच्या डोसची वेळ लिहिलेली असते.